व्हिडिओतली फळं आणि झाडावरची फळं

प्रश्न: सांगोला तालुक्यात आमची भगव्या डाळिंबाची दोन एकर बाग आहे. मोबाईलवर ओळींचा व्हिडिओ काढून योलो या चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या मॉडेलने फळं मोजली. एकदा झाडामागे 110 आली, चार दिवसांनी पुन्हा काढला तर 40. हाताने मोजली तर 70 च्या आसपास भरतात. मॉडेल तर 95 टक्के बरोबर दाखवतंय. मग चुकतंय कुठे? आणि यावरून किती टन माल निघेल हे सांगता येईल का?

सांगता येईल. पण 110 आणि 40 हे दोन्ही आकडे मॉडेलने फळ ओळखण्यात केलेल्या चुकीतून आलेले नसावेत. फळ ओळखणं हा या कामातला आता सगळ्यात सोपा भाग झालाय. अडचण येते ती एक फळ एकदाच मोजण्यात, न दिसलेल्या फळांचा हिशेब लावण्यात आणि शेवटी फळांचे किलो करण्यात. याच क्रमाने सांगतो. गेल्या मृग बहारात मी एका बागेचा हा सगळा हिशेब केला होता. त्यात मी स्वतः जिथे चुकलो तेही सांगतो.

आधी 110 चं पाहू. व्हिडिओत एकच फळ साठ-सत्तर फ्रेममध्ये दिसतं. ते तेच फळ आहे हे ट्रॅकर ठरवतो आणि त्याला एक नंबर देतो. तुम्ही बहुतेक शेवटी किती वेगवेगळे नंबर पडले तेच मोजलं असणार, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक नमुन्यांत तसंच असतं. मॉलच्या दारात माणसं मोजायला ते ठीक आहे. डाळिंबाच्या झाडात मात्र फळ फांदीआड जातं, दहा फ्रेम दिसत नाही, मग पानांच्या फटीतून पुन्हा डोकावतं. ट्रॅकर त्याला नवा नंबर देतो आणि एका फळाची दोन फळं होतात. जोडफळांत तर नंबरांची अदलाबदलही होते.

तुमच्याकडे हेच होतंय का, ते पाच मिनिटांत कळेल. प्रत्येक नंबर किती फ्रेम टिकला त्याची यादी काढा. चाल सावकाश असेल तर नीट दिसणारं फळ चाळीस फ्रेमच्या वर टिकायला हवं. यादीत निम्म्याहून जास्त नंबर पाच-सात फ्रेममध्येच संपत असतील तर तुम्ही फळं मोजत नाही आहात, नंबर मोजताय.

यावर साधा उपाय असा. चित्राच्या मधोमध एक उभी रेघ कल्पा आणि जे फळ ती रेघ ओलांडतं तेवढंच मोजा. डाव्या बाजूला फळाचा नंबर तीनदा बदलला तरी बिघडत नाही, कारण रेघ ते एकदाच ओलांडणार. नेमकं रेघेपाशीच पानाआड असलेलं फळ सुटतं, हे खरं. पण ते नेहमी साधारण त्याच प्रमाणात सुटतं, आणि ठरावीक प्रमाणात सुटणाऱ्या फळांची सोय पुढे करता येते. कधी दुप्पट तर कधी निम्मं, अशा मोजणीची सोय कशानेच होत नाही.

```python
from ultralytics import YOLO

m = YOLO("best.pt")
last, counted = {}, set()
for r in m.track("ol07_purva.mp4", stream=True,
                 tracker="botsort.yaml", imgsz=1280,
                 conf=0.3, classes=[0], vid_stride=2):
    if r.boxes.id is None:
        continue
    mid = r.orig_shape[1] / 2
    for i, b in zip(r.boxes.id.int().tolist(),
                    r.boxes.xywh.tolist()):
        if i in last and (last[i] - mid) * (b[0] - mid) <= 0:
            counted.add(i)
        last[i] = b[0]
print(len(counted))
```

यात `botsort.yaml` मुद्दाम घेतलंय. हा ट्रॅकर कॅमेऱ्याची स्वतःची हालचाल वजा करून मग फळाची जागा ताडतो. आपण चालतो तेव्हा फोन प्रत्येक पावलाला वरखाली होतो, म्हणून इथे त्याचा उपयोग होतो. `vid_stride=2` म्हणजे एकाआड एक फ्रेम. काम लवकर उरकावं म्हणून हा आकडा पाच करायचा मोह होईल. करू नका. सेकंदाला अर्धा मीटर या चालीने 30 फ्रेमच्या व्हिडिओत फळ दर फ्रेमला साधारण पावणेदोन सेंटिमीटर सरकतं. दर पाचवी फ्रेम घेतली तर ते आठ सेंटिमीटरच्या वर सरकतं, म्हणजे आपल्या रुंदीपेक्षा जास्त. मग आधीच्या चौकटीचा आणि नव्या चौकटीचा स्पर्शही होत नाही, आणि ट्रॅकर शेजारच्या फळाला जुना नंबर चिकटवून मोकळा होतो. दोन फ्रेममधलं सरकणं फळाच्या निम्म्या रुंदीच्या आत ठेवा.

110 ची आणखी दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे मागची ओळ. झाडं दहा फुटांवर असली की दोन झाडांच्या फटीतून पलीकडच्या ओळीतली लाल फळं स्पष्ट दिसतात. मॉडेलला ती फळंच वाटतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ऑस्ट्रेलियात आंब्याच्या बागांत हे काम बरंच झालंय. रॉकहॅम्प्टनच्या सेंट्रल क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मँगोयोलो नावाचं मॉडेल मांडलं. ते चित्रं रात्री, गाडीवर एलईडीचे झोत लावून काढत. उजेड फक्त जवळच्या झाडावर पडतो, मागची ओळ अंधारात राहते आणि उन्हाच्या कवडशांचाही त्रास नसतो. आपल्याला ते जमेलच असं नाही, कारण रात्रीची लाइट मोटरीला मिळाली तरी आनंद असतो. दिवसा काढायचं तर चौकटीच्या आकारावर गाळणी लावा. मागच्या ओळीतलं फळ दुपटीहून जास्त अंतरावर असतं, त्यामुळे त्याची चौकट निम्म्याहून लहान येते. ठरावीक पिक्सेलपेक्षा लहान चौकटी टाकून दिल्या की मागची ओळ बरीचशी जाते. सोबत आपल्या ओळीतली काही बारीक फळंही जातात, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

दुसरं कारण फुलं. डाळिंबाचं फूल लाल, कळी लाल, आणि बहार लांबला असेल तर फळांबरोबर उशिराची कळीही झाडावर असते. मॉडेल शिकवताना फुलाला आणि कळीला वेगळा वर्ग द्या. फक्त ‘फळ’ हा एकच वर्ग शिकवला तर लाल आणि गोलसर दिसेल ते सगळं फळ, असं मॉडेल धरून चालतं. वर `classes=[0]` लिहिलंय ते त्यासाठीच. माझ्याकडे 0 म्हणजे फळ आणि 1 म्हणजे फूल-कळी.

आता 40. तो व्हिडिओ तुम्ही संध्याकाळी काढला असणार अशी माझी अटकळ आहे. उजेड कमी झाला की फोन आपोआप शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाच्या साठाव्या भागात, त्याच चालीने, फळ जवळजवळ एक सेंटिमीटर ओढल्यासारखं दिसतं. मोठी फळं तरीही ओळखू येतात, सावलीतली हिरवट फळं मात्र पानांत विरून जातात. उजेड भरपूर असेल तर शटर पाचशेव्या भागापर्यंत येतं आणि हा प्रश्नच राहत नाही. थोडं ढगाळ असलेली सकाळ सगळ्यात चांगली. कडक ऊन असेल तर सूर्य पाठीमागे येईल अशी बाजू सकाळी एक आणि दुपारनंतर दुसरी काढा. वारा सुटायच्या आत संपवा, कारण फांद्या हलायला लागल्या की ट्रॅकरचे सगळे अंदाज कोलमडतात.

अंतराचंही बघा. तुमची लागण 15 बाय 10 फुटांवर असेल तर दोन ओळींमध्ये चालायला पाच-सहा फुटांचीच वाट उरते. त्या वाटेच्या मधून चाललात तर फोन उभा धरूनही सहा-सात फुटांचं झाड पूर्ण बसत नाही. शेंड्याची नाहीतर जमिनीलगतची फळं चौकटीबाहेर जातात. मी मागच्या ओळीला पाठ घासत चालतो आणि समोरची ओळ टिपतो. मग अंतर पावणेदोन-दोन मीटर मिळतं आणि झाड बसतं. पाठीला काटे लागतात, जाड शर्ट घाला. एवढ्या अंतरावर 1080 बाय 1920 च्या उभ्या व्हिडिओत आठ सेंटिमीटरचं फळ साधारण सत्तर पिक्सेलचं येतं. मॉडेल चित्र लहान करून बघतं. `imgsz=1280` ठेवलं तर ते पन्नासच्या आसपास उरतं, जे पुरतं. सवयीने 640 ठेवलं असेल तर पंचवीस उरतं, आणि लिंबाएवढं फळ बाराचं. तिथे कुठलंही मॉडेल चाचपडतं.

तुमच्या 95 टक्क्यांबद्दलही एक शंका आहे. त्याच व्हिडिओच्या फ्रेम काढून त्यातल्या काही शिकवायला आणि काही तपासायला घेतल्यात का? तसं असेल तर दहाव्या फ्रेमवर शिकवून अकराव्या फ्रेमवर परीक्षा घेतल्यासारखं झालं. झाड तेच, फळ तेच, ऊन तेच. शिकवायच्या ओळी आणि तपासायच्या ओळी वेगळ्या ठेवा, जमलं तर दिवसही वेगळा ठेवा. टक्के खाली येतील, पण ते तुमच्या बागेतले खरे टक्के असतील.

इथपर्यंत सगळं नीट केलंत की व्हिडिओचा आकडा जवळजवळ नेहमीच हातमोजणीपेक्षा कमी येईल. तसाच यायला हवा. डाळिंबाचं झाड झुडपासारखं असतं, तीन-चार खोडं आणि आत दाट घेर. आतल्या फांद्यांवरची कितीतरी फळं कुठल्याच बाजूने दिसत नाहीत. उलट घेर विरळ असेल तर काही फळं पूर्वेकडूनही दिसतात आणि पश्चिमेकडूनही, म्हणून दोनदा मोजली जातात. ही दोनदा मोजलेली शोधून वगळायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही बाजूंची बेरीज घ्या आणि काही झाडं हाताने मोजून खरी फळं व व्हिडिओतली फळं यांचं गुणोत्तर काढा. न दिसलेली आणि दोनदा दिसलेली, दोन्ही त्याच एका गुणोत्तरात येतात. बुंडाबर्गच्या आंब्याच्या बागेत सिडनी विद्यापीठाच्या गटाने 2016 मध्ये प्रत्येक फळ वेगवेगळ्या कोनांतून जुळवून हे गुणोत्तर टाळण्याचा प्रयत्न केला होता, पण त्यांच्या गाडीवर झाडांचा घेर वेगळा करायला लेझरने अंतर मोजणारा लायडारही होता. आपल्याकडे फोन आहे. आपल्याला झाडं मोजणं स्वस्त पडतं.

आता माझं उदाहरण. दोन एकरांना थोडी कमी भगव्याची बाग, 14 ओळी, ओळीत 40 झाडं, म्हणजे 560. मर रोगाने 28 गेलेली, उरली 532. मृग बहार, तोडणी जानेवारीच्या मध्यावर येणार होती. मोजणी नोव्हेंबरच्या शेवटी केली, साधारण दीड महिना आधी. त्याआधी फळं हिरवी असतात, पानांतून वेगळी दिसत नाहीत आणि गळही चालू असते. त्यानंतर मोजून उपयोग काय, व्यापारी तोपर्यंत बागेत येऊन गेलेला असतो. तुमचा आंबिया बहार असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. उन्हापासून वाचवायला ओळीवर क्रॉप कव्हर किंवा जुन्या साड्या टाकल्या की व्हिडिओचा विषय संपला. मोजणी त्याआधीच उरकायला हवी.

ओळीची लांबी 400 फूट, एका बाजूला चार मिनिटं. 28 फेऱ्यांना विश्रांती धरून दोन सकाळी लागल्या.

हाताने मोजायला मी 12 झाडं घेतली. यातही सुरुवातीला पाय वाटेकडच्या झाडांकडेच वळत होते. तिथली झाडं भरलेली असतात, पाणी आणि लक्ष दोन्ही त्यांना जास्त मिळतं. म्हणून पहिल्या ओळीतल्या 20 व्या झाडापासून सुरुवात करून पुढे दर 45 वं झाड घेतलं. मेलेलं निघालं तर त्याच्या पुढचं. त्या झाडांजवळ निळी पट्टी बांधलेली काठी रोवली, म्हणजे व्हिडिओत झाड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळतं. डाळिंबाच्या बागेत दुसरं काहीच निळं नसतं. बाकीच्या झाडांसाठी ओळीच्या वेळेचे सरळ 40 भाग केले. चाल एकसारखी ठेवली तर एवढं पुरतं.

हातमोजणी म्हणजे झाडाभोवती फिरून बोट दाखवत मोजणं नव्हे. तसं मोजलं तर आम्हा दोघांचेच आकडे 84 आणि 91 आले. मग एकाने खाली बसून आतून आणि दुसऱ्याने बाहेरून, मोजलेल्या फळाला चुन्याचा ठिपका लावत मोजलं. एका झाडाला दहा-बारा मिनिटं जातात.

झाडांचे आकडे असे आले, आधी व्हिडिओतले, मग हातचे:

52–78, 47–66, 61–97, 38–49, 55–81, 44–63, 29–36, 58–92, 50–71, 41–58, 35–45, 66–106.

व्हिडिओची बेरीज 576, हातची 842. भागिले तर 1.46. म्हणजे व्हिडिओत दिसलेल्या प्रत्येक 100 फळांमागे झाडांवर 146. प्रत्येक झाडाचं गुणोत्तर काढून त्यांची सरासरी घेऊ नका. तसं केलं तर 36 फळांच्या झाडाला 106 फळांच्या झाडाइतकंच वजन मिळतं. बेरजेला बेरजेने भागा.

संपूर्ण बागेची व्हिडिओतली बेरीज 24,870 होती. 842/576 ने गुणलं की साधारण 36,350 फळं, झाडामागे 68.

पण वरचे आकडे पुन्हा एकदा पाहा. हलक्या झाडांत, म्हणजे व्हिडिओत 45 च्या आत आलेल्या पाच झाडांत, 187 ला 251 निघाली. गुणोत्तर 1.34. उरलेल्या सात झाडांत 389 ला 591, म्हणजे 1.52. झाड भरलेलं असलं की घेरही दाट असतो, फळावर फळ येतं आणि लपलेल्यांचं प्रमाण वाढतं. मी बागेतली 210 हलकी आणि 322 भारी झाडं वेगळी काढली. त्यांच्या व्हिडिओ-बेरजा 7,560 आणि 17,310 होत्या. आपापल्या गुणोत्तराने गुणून आले 36,440. म्हणजे एवढा खटाटोप करून एकूण आकडा शंभरानेही बदलला नाही, कारण माझ्या बारा झाडांत हलकी-भारी बागेतल्यासारख्याच प्रमाणात आली होती. वाटेकडचीच भरलेली झाडं घेतली असती तर तेच 1.52 सगळ्या बागेला लागलं असतं आणि आकडा 37,800 च्या घरात गेला असता. न पिकलेली चौदाशे फळं कागदावर पिकली असती.

बारा झाडांवर हा आकडा कितपत पक्का धरायचा? प्रत्येक झाडाच्या व्हिडिओ आकड्याला 1.46 ने गुणा आणि हातच्या आकड्यापासून तो किती चुकतो ते लिहा. माझ्याकडे ही चूक साधारण साडेपाच फळांच्या आसपास पसरलेली होती. तिला बाराच्या वर्गमुळाने भागलं, सरासरी 70 शी तुलना केली आणि दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट जागा सोडली की जवळजवळ पाच टक्के येतात. म्हणजे 34,500 ते 38,300. वीस-पंचवीस झाडं मोजली तर ही पट्टी आणखी आवळते, पण पुढे जे सांगणार आहे ते पाहता मी तो वेळ दुसरीकडे घालवेन.

गुणोत्तराबद्दल एकच ताकीद. ते त्या बागेचं, त्या बहाराचं, त्या फोनचं आणि त्या चालीचं असतं. छाटणी जोरात झाली की घेर मोकळा होतो आणि गुणोत्तर उतरतं. शेजाऱ्याच्या बागेत माझं 1.46 लावणं म्हणजे आपला चष्मा त्याच्या डोळ्यावर चढवणं.

मी तोंडघशी पडलो तो इथून पुढे. 36,400 फळांतून तडकलेली, तेल्याची आणि उन्हाचा चट्टा पडलेली वजा करायला मी 10 टक्के धरले. बागायतदाराच्या वहीत मागच्या तीन बहारांचं प्रमाण त्याच्या आसपास होतं. उरली 32,760. मग बागेत फिरत साठ फळं मोजली, त्यांची वाढ धरली आणि तोडणीच्या वेळचं सरासरी वजन 240 ग्रॅम ठरवलं. गुणाकार 7.86 टन. मी अंदाज म्हणून आठ टनांना थोडे कमी असं सांगितलं आणि बागायतदाराने 20 किलोचे क्रेट त्या हिशेबाने सांगून ठेवले.

निघाले 7,010 किलो.

आधी वाटलं मोजणीच चुकली. पण तोडणीत आम्ही काही क्रेटमधली फळं मोजून ठेवली होती. 20 किलोच्या क्रेटमध्ये सरासरी 92 बसत होती, म्हणजे फळ 217 ग्रॅमचं. 7,010 किलोला 217 ग्रॅमने भागलं की 32,300 फळं. मोजणी दीड टक्क्यात होती. चुकलं होतं वजन, सरळ दहा टक्क्यांनी. क्रेट उरले आणि मला ऐकून घ्यावं लागलं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ती साठ फळं मी उभ्या उभ्या, छातीच्या उंचीवर, बाहेरच्या फांद्यांवरची मोजली होती. तिथे पहिल्या सेटिंगची फळं असतात, ऊन लागलेली आणि मोठी. नंतरच्या कळीची, आतल्या फांद्यांवरची बारीक फळं माझ्या हातात आलीच नाहीत. गंमत म्हणजे मोजणीसाठी झाडं निवडताना मी एवढी काळजी घेतली आणि फळं निवडताना तीच विसरलो.

वजनात चूक किती झटकन वाढते ते बघा. फळाचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. साडेसातऐवजी आठ सेंटिमीटर मोजलं तर व्यासात फरक सात टक्क्यांचा वाटतो, वजनात तो 21 टक्क्यांचा होतो. म्हणून व्हिडिओतल्या चौकटीच्या रुंदीवरून वजन काढायचा नाद मी सोडला. फळ अर्धं पानाआड असलं की चौकट अरुंद येते, आणि फळ हातभर पुढे असलं की रुंद.

आता मी असं करतो. निवडलेल्या बारा झाडांवर प्रत्येकी आठ फळांना दोरा बांधतो: दोन वरची, दोन खालची, दोन बाहेरची, दोन अगदी आतली. कुठलं फळ घ्यायचं ते डोळ्याने ठरवत नाही. फांदी धरायची आणि बुडाकडून येणारं पहिलं फळ घ्यायचं. कॅलिपरने व्यास घेतो, पंधरा दिवसांनी पुन्हा घेतो. दोन मापांतून वाढीचा वेग कळतो. वीस-पंचवीस फळं तोडून वजनकाट्यावर ठेवली की त्या बागेत कुठल्या व्यासाला किती ग्रॅम हेही मिळतं. बागायतदाराला फळं तोडणं जिवावर येतं, पण विरळणीच्या नावाखाली डागी आणि बारीक फळं तो देतो. मोठी मिळवायला थोडं गोड बोलावं लागतं.

तुमच्या बाबतीत पहिलं काम जुने दोन्ही व्हिडिओ न टाकता वरच्या रेघेच्या पद्धतीने पुन्हा चालवणं. 110 चा आकडा बराच खाली यावा. 40 चा फारसा हलणार नाही, कारण तिथे फळं दिसलीच नाहीत. मग एक सकाळ नवा व्हिडिओ आणि दुसरी सकाळ बारा झाडं.

आणि व्यापाऱ्याला आकडा सांगताना एकच टन तोंडातून काढू नका. मोजणीची पाच टक्के आणि वजनाची, अगदी काळजीने केली तरी, सात-आठ टक्के धरली तर एकूण नऊ टक्क्यांची पट्टी मनात ठेवा. बाग उक्ती देत असाल तर पट्टीचं वरचं टोक त्याला आणि खालचं टोक स्वतःला. मजूर, क्रेट आणि गाडी मात्र मधल्या आकड्यावर ठरवा. पहिली तोडणी झाल्यावर त्याच बारा झाडांवर उरलेली फळं पुन्हा मोजा आणि पहिल्या तोडणीच्या दहा क्रेटमधली फळं मोजून खरं वजन काढा. दुसऱ्या तोडणीचा अंदाज मग व्हिडिओशिवायच बसतो, आणि बराच जवळचा.